मशीनवर IE आलं, फोटो पाठवला, पुढे काय?

कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो येतो. काळी पट्टी, तिच्यावर चमकणारी दोन अक्षरं, कोपऱ्यात अंगठ्याचा थोडा भाग. खाली एक शब्दही नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, प्रश्न तर उघडच आहे. पण पाहणाऱ्यासमोर एकाच वेळी तीन प्रश्न उभे राहतात. यात धोका आहे का? घरच्या घरी काही करता येईल का? की मेकॅनिकला बोलवायचं, आणि बोलवलं तर त्याला काय सांगायचं? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि ती देण्यासाठी लागणारी माहिती बहुतेक वेळा त्या फोटोत नसते.

बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये हा प्रकार वारंवार घडतो, कारण मुलं शिक्षण-नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात गेलेली असतात आणि आईवडील फतेगंज, दांडिया बाजार, रावपुरा अशा ठिकाणी राहत असतात. मशीन बंद पडलं की फोटो मुलाकडे किंवा भाच्याकडे जातो. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे: फोटो पाठवणाऱ्यासाठी आणि तो वाचणाऱ्यासाठी. सगळ्या कोडांची यादी देत बसत नाही. बडोद्यातल्या फ्लॅटमध्ये सहज उद्भवू शकणारा एकच कोड घेतो, एलजीच्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनवरचा IE, आणि तो तळापर्यंत नेतो. हा एक नीट समजला की बाकीचे वाचायची रीतही हाती येते.

आधी एक गोष्ट पक्की करू. कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचं नाव नव्हे. मशीनला आत काय तुटलंय ते दिसत नाही. त्याला थोड्याच गोष्टी कळतात: पाण्याची पातळी, पाण्याचं तापमान, मोटर फिरते की नाही, दार लागलंय की नाही, आणि किती वेळ गेला. पातळी कळते ती एका बारीक रबरी नळीमुळे. टबाच्या तळाशी पाणी चढू लागलं की या नळीतली हवा दाबली जाते आणि वरच्या टोकाला बसवलेला सेन्सर तो दाब मोजतो. IE चा अर्थ एवढाच की मशीनने पाणी मागितलं, ठरलेला वेळ वाट पाहिली, आणि सेन्सरला अपेक्षित पातळी दिसली नाही. अनेक मॉडेलांत सुरुवातीला सुमारे ८ मिनिटांत पाणी चढल्याची खूणच दिसली नाही, किंवा सुमारे २५ मिनिटांत पूर्ण पातळी आली नाही, तर हा कोड येतो. पाणी का चढलं नाही, हे मशीनला ठाऊक नसतं. ते शोधणं आपलं काम.

फोटो कसा काढावा

कोड दिसल्यावर पहिली ओढ असते ती बटण बंद करून पुन्हा चालू करण्याची. तसं करू नका. बंद केलं की बहुतेक मशीन कोड विसरतं, आणि कोणता प्रोग्राम चालला होता, किती मिनिटं उरली होती हेही पुसलं जातं. जळका वास येत असेल, धूर दिसत असेल किंवा जमिनीवर पाणी पसरून सॉकेटकडे जात असेल तेव्हा मात्र फोटो वगैरे विसरा. कोरड्या हाताने मेन स्विच बंद करा, नळ बंद करा, आणि मग बाकीचं बघा.

असं काही नसेल तर दोन मिनिटं घ्या. डिस्प्लेवरचे अंक आणि अक्षरं सात छोट्या रेघांनी बनलेली असतात. या पद्धतीत 5 आणि S एकसारखे दिसतात, 0 आणि O एकसारखे, 1 आणि I एकसारखे. शिवाय या रेघा सतत पेटलेल्या नसतात. त्या फार वेगाने आळीपाळीने पेटत-विझत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा नेमक्या विझलेल्या क्षणी फोटो टिपू शकतो. मग E ची खालची रेघ गायब होऊन F दिसतो किंवा दोनपैकी एक अक्षर कोरं येतं. म्हणून एक फोटो पुरत नाही. फ्लॅश बंद ठेवून थोडं तिरक्या कोनातून दोन-तीन फोटो काढा. दहा सेकंदांचा व्हिडिओ त्याहून चांगला, आणि डोळ्यांना जे दिसलं ते शब्दांत लिहिणं सगळ्यात चांगलं.

डिस्प्लेच्या फोटोइतकेच महत्त्वाचे आणखी दोन फोटो आहेत. एक दाराच्या काचेचा, आत पाणी किती आहे ते दिसेल असा. दुसरा मशीनच्या मागच्या बाजूचा, जिथे नळाचा पाइप येतो आणि सांडपाण्याचा पाइप बाहेर पडतो. हा मागचा फोटो सहसा कोणी पाठवत नाही, कारण बिघाड पुढे दिसतोय असं वाटतं. पुढच्या उदाहरणात उत्तर नेमकं मागेच आहे.

फतेगंजचा एक फ्लॅट

समजा, फतेगंजमध्ये तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. फ्लॅट सगळ्यात वरचा, पाण्याची टाकी गच्चीवर. मामी एकट्या राहतात, फ्रंट लोड मशीन बरीच वर्षं नीट चाललंय. दिवाळीआधी घराला रंग दिला गेला. दुसऱ्या दिवशी मामींनी कपडे लावले, थोड्या वेळाने मशीन पिकपिक वाजू लागलं, डिस्प्लेवर IE. फोटो पुण्यातल्या भाच्याला गेला. शब्द एकही नाही.

भाचा इंटरनेटवर IE शोधेल तर पहिलं उत्तर मिळेल ते असं: पाणी येत नाही, नळ तपासा, जाळी साफ करा, इनलेट व्हॉल्व्ह बदला. उत्तर चुकीचं नाही. पण यातलं शेवटचं काम खर्चाचं आहे, आणि या घरात ते केलं असतं तर नवा व्हॉल्व्ह बसवूनही IE पुन्हा आला असता. म्हणून भाच्याने आधी फोन करून एवढंच विचारावं.

"मामी, काचेतून आत बघ. ड्रममध्ये पाणी आहे का?"

"नाही रे, कपडे नुसते ओलसर झालेत."

हा फार मोलाचा तपशील आहे. कपडे ओलसर झाले म्हणजे पाणी आत येत होतं. नळ बंद असता किंवा व्हॉल्व्ह पूर्ण मेलेला असता तर कपडे कोरडे राहिले असते. मग पाणी आलं, पण टिकलं नाही, किंवा फार हळू आलं. शक्यता आता दोनच उरल्या.

हळू येण्याची शक्यता आधी पाहू, कारण वरच्या मजल्यावर ती खरीच असते. टाकी डोक्यावर आहे म्हणजे पाणी जोरात येणार असं वाटतं, पण उलट होतं. पाण्याचा दाब टाकी किती उंच आहे यावर ठरतो, आणि टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्याला उंची सगळ्यात कमी मिळते. दर एक मीटर उंचीला साधारण १० किलोपास्कल दाब धरावा. वरच्या मजल्यावर नळ जमिनीपासून एक मीटरवर असेल, छत त्याच्या दोन मीटर वर, आणि टाकीतलं पाणी छताच्या दोन मीटर वर, तर एकूण चार मीटर, म्हणजे सुमारे ४० किलोपास्कल. अनेक फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ५० किलोपास्कल दिलेला असतो. तळमजल्यावर त्याच टाकीतून आणखी नऊ मीटर उंची मिळते आणि दाब १३० च्या आसपास जातो. इनलेट व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो आणि तो पूर्ण उघडायला पाण्याचाच दाब लागतो. दाब फार कमी असला तर वीज मिळूनही तो अर्धवट उघडतो.

पण मामींच्या घरी हा दाब रंगकामाआधीही एवढाच होता आणि मशीन चालत होतं. म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा, आणि माझ्या मते दूरवरून बिघाड शोधणाऱ्यासाठी हाच सगळ्यात कामाचा प्रश्न आहे: शेवटचं मशीन नीट चाललं त्यानंतर घरात काय बदललं?

"रंगारी आले होते ना. त्यांनी मशीन सरकवलं होतं, मग परत जागेवर ठेवलं."

आता तिसरी गोष्ट, जी करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, कपडे न लावता छोटा प्रोग्राम लावायचा, आणि पाणी भरण्याचा आवाज सुरू झाला की मशीनकडे न बघता मोरीकडे बघायचं. मामी मोरीपाशी गेल्या तर सांडपाण्याच्या पाइपातून स्वच्छ पाण्याची बारीक धार वाहत होती. कपडे धुतले जायच्या आधीच पाणी बाहेर जात होतं.

कारण असं. फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी बाहेर टाकायला पंप असतो, पण पंप थांबलेला असताना पाणी अडवणारी झडप सहसा नसते. पाणी आत राहतं ते केवळ सांडपाण्याचा पाइप मागच्या बाजूला उंच चढवून क्लिपमध्ये अडकवलेला असतो म्हणून. त्याचं सगळ्यात उंच ठिकाण टबातल्या पाण्याच्या वर असलं पाहिजे. अनेक पुस्तिकांत ही उंची जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर दिलेली असते. रंगाऱ्यांनी मशीन ओढलं तेव्हा पाइप क्लिपमधून निघाला, आणि परत ठेवताना तो सरळ मोरीत सोडला गेला. आता नळातून आलेलं पाणी टबात शिरून तळातून पंपातून सरळ मोरीत जातं. आठ मिनिटं मशीन वाट पाहतं, पातळी चढत नाही, IE येतो. मशीनच्या दृष्टीने तक्रार खरी आहे, पाणी मिळालं नाही. पण दोष पाणी येण्याच्या वाटेत नाही, जाण्याच्या वाटेत आहे.

उपाय फुकट आहे. मशीन बंद करून प्लग काढा, पाइप पुन्हा मागच्या वरच्या क्लिपमध्ये बसवा, टोक मोरीच्या दिशेने खाली वळवा, पण ते मोरीच्या पाण्यात बुडू देऊ नका. पाइपला घडी पडलेली नाही ना ते बघा. मशीन भिंतीला इतकं टेकवू नका की पाइप चेपेल, कारण मग पाणी उपसताना OE म्हणजे पाणी न निघाल्याचा कोड येईल.

मोरीत धार नसेल तर

मोरी कोरडी असेल तर पाणी खरोखरच कमी येतंय. इथे कानाने बरंच कळतं. प्रोग्राम सुरू झाल्यावर मशीनच्या मागे वरच्या कोपऱ्यात व्हॉल्व्हची हलकी घूंघूं ऐकू येते का? घूंघूं आहे आणि पाणी नाही किंवा बारीक आहे, तर व्हॉल्व्हला वीज मिळतेय, अडथळा पाण्याच्या वाटेत आहे. घूंघूंच नाही, तर व्हॉल्व्हची कॉइल, वायर किंवा बोर्ड, आणि ते मेकॅनिकचं काम. दारच नीट लागलेलं नसेल तरी पाणी सुरू होत नाही, पण तेव्हा कोड वेगळा येतो, एलजीमध्ये dE.

पाण्याच्या वाटेतला अडथळा शोधायला बादली पुरते. नळ बंद करा, प्लग काढा, मशीनच्या मागून इनलेट पाइप हाताने फिरवून सोडवा, त्याचं टोक बादलीत धरा आणि नळ पूर्ण उघडा. दहा लिटरची बादली मिनिट-दीड मिनिटात भरली तर पाणी पुरेसं आहे. तीन मिनिटांहून जास्त लागली तर दोष मशीनमध्ये नाही, नळात किंवा टाकीकडून येणाऱ्या लाइनीत आहे. हा माझा व्यवहारातला ठोकताळा आहे, कंपनीचा आकडा नव्हे, पण भांडण कुठे आहे हे ठरवायला तो पुरतो. टाकी अर्धी रिकामी असतानाही हीच परीक्षा घ्या. वरच्या मजल्यावर टाकीतलं पाणी एक मीटर उतरलं की दाबाचा चौथा हिस्सा जातो, आणि म्हणून काही घरांत IE फक्त दुपारी येतो, सकाळी येत नाही.

बादली झरझर भरते आणि मशीन मात्र रडतं, तेव्हा जाळी बघायची. पाइप जिथे मशीनला लागतो तिथे व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची बारीक जाळी असते. बडोद्याला पाणी आजव्याच्या सरोवरातून, महीच्या पात्रातल्या विहिरींतून आणि नर्मदेच्या कालव्यातून येतं, आणि अनेक सोसायट्या त्यात बोअरचं पाणी मिसळतात. पावसाळ्यानंतर किंवा टाकी धुतल्यानंतर गाळ पाइपांतून खाली येतो, बोअरच्या जड पाण्याने पांढरा क्षार चढतो, आणि दोन्ही या जाळीवर येऊन थांबतात. जाळीच्या मधल्या दांडीला पक्कडीने हलकेच धरून ती सरळ बाहेर ओढा, जुन्या टूथब्रशने घासा. क्षार चिकट असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवा. ती परत बसवायला विसरू नका. जाळीशिवाय मशीन चालवलं तर वाळूचा कण व्हॉल्व्हच्या पडद्यात अडकतो आणि मग बंद मशीनमध्येही पाणी थेंबथेंब भरत राहतं. पाइप हातानेच घट्ट करा, रबरी वायसर जागेवर आहे का पाहा, नळ उघडून गळत नाही याची खात्री करा, मगच प्लग लावा.

आणखी एक प्रकार उरतो, तो उलटा. काचेतून पाणी चांगलं वर आलेलं दिसतं, तरीही IE. इथे पाणी आलंय पण मशीनला कळत नाही. ती बारीक रबरी नळी साबणाच्या चिखलाने बुजली किंवा निघाली असेल. ती झाकणाच्या आत असते. इथे घरचं काम संपतं. पण मेकॅनिकला फोनवर "पाणी भराय छे, तोये आयई आवे छे" एवढं सांगितलंत तरी तो नुसता व्हॉल्व्ह बदलून जाणार नाही.

हे सगळ्या मशीनना लागू नाही

वर सांगितलेली पाइपाची उंची फ्रंट लोडची, आणि ज्या टॉप लोड मशीनमध्ये पंप आहे त्यांची. आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी टॉप लोड मशीनं पंपाशिवाय पाणी सोडतात. तळाशी एक झडप उघडते आणि पाणी उतारावरून वाहून जातं. अशा मशीनचा पाइप खालीच ठेवायचा असतो. कोणी ऐकीव माहितीवरून तो वर बांधला तर पाणी निघणारच नाही आणि OE येईल. या मशीनमध्ये मोरीत धार लागली असेल तर त्या झडपेत काहीतरी अडकलेलं असतं: नाणं, केसाची पिन, बटण, कापडाचा धागा. लक्षण तेच, कारण वेगळं. म्हणून फोटोसोबत फ्रंट लोड की टॉप लोड हे लिहिलं नसेल तर सल्ला देणाऱ्याने आधी तेच विचारावं.

कंपनी बदलली की अक्षरंही बदलतात. पाणी न मिळाल्याची हीच तक्रार सॅमसंगच्या मशीनवर 4E किंवा 4C अशी येते, बॉशच्या अनेक मॉडेलांवर E17 अशी. पाणी न निघाल्याची तक्रार सॅमसंगवर 5E किंवा 5C, बॉशवर E18. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलांतही फरक असतो. म्हणून मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो हवा. तो फ्रंट लोडमध्ये बहुधा दार उघडल्यावर कडेला किंवा मशीनच्या मागे असतो. काही अक्षरं तर बिघाड नसतातच. CL दिसलं आणि बटणं चालेनात, तर मुलांसाठीचं लॉक लागलंय. पॅनेलवर त्या लॉकची खूण असलेलं बटण तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की ते सुटतं. अशा फोटोवर मेकॅनिक बोलावला तर त्याच्या येण्याचे पैसे वाया जातात.

मायक्रोवेव्हचा फोटो आला तर

सॅमसंगच्या काही मायक्रोवेव्हवर SE असा कोड येतो. डिस्प्लेवर तो वॉशिंग मशीनच्या 5E सारखाच दिसतो, अर्थ मात्र पूर्ण वेगळा: पॅनेलवरचं एखादं बटण दाबलेलं राहिलंय. ओल्या फडक्याने पॅनेल पुसल्यावर किंवा खालच्या गॅसवरची वाफ आत गेल्यावर हे होतं. प्लग काढून काही तास कोरड्या हवेत ठेवा, बटणं एकेक दाबून सोडा, मग लावून बघा. गेलं तर ठीक, नाही गेलं तर थांबा. मायक्रोवेव्हचं बाहेरचं आवरण घरी कधीही उघडू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे काही हजार व्होल्ट तयार होतात आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही तो भार धरून ठेवतो. वॉशिंग मशीनच्या मागची जाळी काढण्याइतकं हे सोपं काम नाही, यात माणूस मरू शकतो.

फोटोसोबत काय लिहावं

मामींनी पहिल्या फोटोखाली एवढं लिहिलं असतं तर भाच्याला एकही प्रश्न विचारावा लागला नसता:

"फ्रंट लोड, मॉडेलचा स्टिकर दुसऱ्या फोटोत. कॉटन प्रोग्राम लावला, सात-आठ मिनिटांत IE आला. ड्रममध्ये पाणी नाही, कपडे ओलसर आहेत. बाथरूमच्या नळाला पाणी आहे. काल रंगाऱ्यांनी मशीन सरकवलं होतं. घरी काही तपासता येईल का, की मेकॅनिकला बोलवू?"

यातलं शेवटचं वाक्य सोडू नका. ते नसेल तर सल्ला देणारा स्वतःच्या अंदाजाने उत्तर देतो. कोणी दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवतो, कोणी "अहो, मशीन जुनं झालं, नवं घ्या" म्हणून मोकळा होतो. विचारणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: आज संध्याकाळी ओले कपडे काढून दोरीवर टाकू का, आणि उद्या कोणाला फोन करू.

फोटो मिळालेल्याने काय करावं? अर्थ सांगायची घाई करू नये. पहिलं वाक्य सुरक्षेचं: जळका वास, धूर, सांडलेलं पाणी आहे का? दुसरं, कोडचा ढोबळ अर्थ, "बहुतेक पाणी मिळत नाहीये" असा, "बहुतेक" शब्दासकट. मग दोनच प्रश्न: ड्रममध्ये पाणी आहे का, आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं. आठ-दहा प्रश्न एकदम पाठवले तर वयस्कर माणूस फोन बाजूला ठेवतो. एखादी गोष्ट तपासायला सांगताना ती वाकून करायची आहे की उभ्याने, हेही लक्षात घ्या. सत्तरीतल्या माणसाला एकट्याने मशीन ओढायला सांगू नका. त्यासाठी शेजाऱ्याला किंवा वॉचमनला बोलवायला सांगा.

बडोद्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराच्या बऱ्याच भागांत तळमजल्यांत पाणी शिरलं. पुरात भिजलेलं मशीन "कोड तरी काय येतो बघू" म्हणून प्लगला लावू नका. मोटर, बोर्ड आणि वायरींच्या जोडांत गाळ आणि ओल असते. मशीनवर कोड येण्याआधी तुम्हाला शॉक बसू शकतो, किंवा वाचला असता तो बोर्ड जळून जाऊ शकतो. असं मशीन बाहेरून वाळलेलं दिसलं तरी मेकॅनिकने उघडून, धुऊन, सुकवून तपासेपर्यंत बंदच ठेवा. अशा मशीनच्या मागचा फोटो पाठवा, त्यात पाण्याची ओळ किती उंच चढली होती तेवढं दिसू दे. मेकॅनिकला कोडपेक्षा ती ओळ जास्त सांगते.

आणि आज, मशीन नीट चालू असतानाच, एक काम करून ठेवा. मॉडेलच्या स्टिकरचा एक फोटो, आणि मागचे दोन्ही पाइप जसे आहेत तसे दिसतील असा दुसरा फोटो काढून मुलांना पाठवा. खाली लिहा: "हे आता बरोबर चाललंय, जपून ठेवा." पुढच्या वेळी रंगारी येऊन गेले की पाइप कुठे अडकवायचा ते त्या फोटोवरून पाहून घ्या.